जर्मनीच्या किराण्यात घरचं जेवण कसं बसवायचं: पीठ, डाळ, दही आणि आठवड्याचा आराखडा

दरवर्षी ऑक्टोबरात, सेमिस्टर सुरू झालं की, आमच्या ओळखीतलं कुणीतरी नवं पोर वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात पोळी लाटत असतं आणि ती पोळी कडेने फाटत असते. शेजारच्या भांड्यात छोले दोन तास उकळत असतात आणि तरी दाताखाली कच्चे लागतात. आठवडाभरात पोर पिझ्झ्यावर येतं. महिनाभरात शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या भारतीय दुकानातून दहा किलोची आट्याची पिशवी ट्रॅममधून ओढत आणतं. दोन्हीची गरज नसते. चूक बहुतेक वेळा रांधण्यात नसते. ती खरेदीत, आणि त्याआधी यादीत झालेली असते.

हा लेख जर्मनीपुरता आहे, कारण इथली दुकानं मला ठाऊक आहेत. उदाहरण माझ्या मावसभावाचं घेते. नाशिकहून म्युनिकला आला, वसतिगृहात एक खोली, सामायिक स्वयंपाकघर, फ्रिजमध्ये एक फळी आणि फ्रीझरमध्ये अर्धा कप्पा. टप्पे ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने करा.

## टप्पा १: निघण्याआधी सात दिवस जेवण लिहून काढा

काय आवडतं ते लिहू नका, काय खाल्लं ते लिहा. सकाळ, दुपार, संध्याकाळ, सलग सात दिवस, आणि शक्य तिथे मापासह. भावाच्या वहीत निघालं ते असं: आठवड्यात साधारण ३३ पोळ्या, दुपारी रोज वरण-भात, तीन रात्री आमटी-भात किंवा खिचडी, तीन सकाळी पोहे, एकदा उपमा, एकदा पिठलं-भाकरी, रोज वाटीभर दही किंवा ताक. एका पोळीला सुमारे ३० ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे आठवड्याला किलोभर. तांदूळ ६०० ग्रॅमच्या आसपास, डाळ ४०० ग्रॅम.

आता या यादीचे तीन भाग करा. पहिला भाग पोटाचा: पीठ, तांदूळ, डाळ, दही, तेल, कांदा-बटाटा, भाज्या. दुसरा चवीचा: मसाले, हिंग, कोकम, मोहरी. तिसरा अधूनमधूनचा: पोहे, साबुदाणा, ज्वारीचं पीठ. पोटाचं सगळं पहिल्या दिवसापासून जवळच्या सुपरमार्केटातून घ्यायचं, चवीचं घरून न्यायचं आणि अधूनमधूनचं महिन्यातून एकदा भारतीय दुकानातून आणायचं. लोक नेमकं उलट करतात. बॅगेत पाच किलो तूरडाळ आणि पोहे भरतात, आणि जिरं-मोहरी तर तिथे मिळेलच म्हणून सोडून देतात.

तपासा: तुमच्या यादीतला पोटाचा भाग वजनाने सगळ्यात मोठा आहे ना? तोच बॅगेत गेला असेल तर यादी पुन्हा करा.

## टप्पा २: बॅगेत काय आणि काय नाही

गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, हळद, तिखट, मोहरी, जिरं, हिंग, कोकम, मेतकूट. सहा महिन्यांचा हा सगळा ऐवज अडीच-तीन किलोंत बसतो. हिंग दोन डब्यांच्या आत ठेवा, नाहीतर तुमचे स्वेटर वर्षभर हिंगाचे वास देतील. मेतकुटाला मी कधीच नाही म्हणत नाही. परीक्षेच्या दिवसांत गरम भात, तूप आणि मेतकूट एवढ्यावर माणूस निघतो.

सावधान: युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तुपाची बरणी, खवा, पेढे, पनीर घरीच ठेवा. ताज्या कढीपत्त्यासारख्या पाल्याला आणि भाज्यांना वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो, तेव्हा तोही नको.

सावधान: विमान दुबई किंवा अबू धाबीमार्गे असेल तर खसखस नेऊ नका. तिथे ती अमली पदार्थांत धरली जाते. बऱ्याच घरांतल्या गोड्या मसाल्यात खसखस असते, म्हणून आईला आधी विचारा आणि ती न घालता मसाला करून घ्या. सुकं खोबरंही चेक-इनच्या बॅगेत टाकू नका. त्यातल्या तेलामुळे विमानाच्या नियमांत ते पेट घेणाऱ्या वस्तूंमध्ये मोडतं आणि भारतातल्या विमानतळांवर ते बॅगेतून काढायला लावतात. वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. जर्मन सुपरमार्केटात केक-बिस्किटांच्या सामानाजवळ खोबऱ्याचा बिनसाखरेचा कीस मिळतो, ‘कोकोसरास्पल’ नावाने. मंद आचेवर तांबूस भाजला की वाटणाला अगदी चालतो.

भांड्यांत फक्त दोनच: तीन लिटरचा, बुडाला स्टील असलेला, इंडक्शनवर चालणारा कुकर, आणि लाटणं. पोळपाट नको, ओटा पुरतो.

## टप्पा ३: खरेदीला जाण्याआधी स्वयंपाकघर बघा

हा टप्पा सगळेच गाळतात. दोन गोष्टी बघायच्या: शेगडी आणि नळाचं पाणी.

जर्मनीत बहुतेक भाड्याच्या घरांत काचेच्या पृष्ठभागाची विजेची शेगडी असते. ती तापायला वेळ लावते आणि बंद केल्यावरही बराच वेळ गरम राहते. गॅसवर फोडणी करताना आपण आच कमी करतो आणि काम होतं. इथे बटण फिरवून काही होत नाही, जिरं काळं पडतं. फोडणी झाली की भांडंच उचलून बाजूला ठेवायचं, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा. तवा सपाट बुडाचाच हवा. आपला खोलगट लोखंडी तवा काचेवर मधल्या एका रुपयाएवढ्या जागी टेकतो आणि पोळी तेवढीच भाजते.

मग किटलीत डोकावा. तळाला पांढरा थर असेल तर पाणी जड आहे. म्युनिकचं पाणी चांगलंच जड आहे. याचा संबंध डाळी-कडधान्यांशी आहे, तो टप्पा ६ मध्ये येईल.

तपासा: खोलीत आणि स्वयंपाकघरात धुराचा सूचक कुठे आहे? मिरचीची फोडणी त्याच्या बरोबर खाली झाली तर आख्खी इमारत खाली रस्त्यावर येते. खिडकी आधी उघडा, मग तेल तापवा.

## टप्पा ४: दुकानांचा क्रम

आधी सुपरमार्केट, मग तुर्की दुकान, सगळ्यात शेवटी भारतीय दुकान. या क्रमाने गेलं की तिसऱ्या दुकानात घ्यायचं फारच थोडं उरतं.

सुपरमार्केटात पीठ, तांदूळ, मसूरडाळ, दही, दूध, लोणी, तेल, कांदे-बटाटे, कोबी, गाजर मिळतं. तुर्की दुकानात कोथिंबिरीच्या आणि पुदिन्याच्या आपल्यासारख्या मोठ्या जुड्या, भेंडी, वांगी, बिनमिठाचे शेंगदाणे, छोले. भारतीय दुकानात पोहे, तूरडाळ, ज्वारीचं पीठ, साबुदाणा, कढीपत्ता. कढीपत्ता एकदाच जास्त घ्या, धुऊन पूर्ण कोरडा करा आणि डब्यात घालून फ्रीझरमध्ये टाका. फोडणीत थेट गोठलेलाच टाकायचा.

रविवारी दुकानं बंद असतात, आणि बवेरियात इतर दिवशीही आठला बंद होतात. म्हणून खरेदीचा वार शुक्रवार ठरवा. शनिवारी संध्याकाळी रांगा लागतात.

पाटीवरच्या नावांत सगळ्यात जास्त फसवणारं नाव जिऱ्याचं. आपलं जिरं म्हणजे ‘क्रॉइत्सक्युमल’. नुसतं ‘क्युमल’ लिहिलेली बाटली घेतलीत तर ती शहाजिऱ्यासारख्या दिसणाऱ्या, पण वेगळ्याच वासाच्या बियांची असते. जर्मन लोक ती कोबीत आणि पावात घालतात. बटाट्याच्या भाजीला ती बेकरीचा वास देते. ‘श्वार्त्सक्युमल’ म्हणजे आपली कलौंजी. तीन नावं, तीन वेगळे मसाले, आणि पहिल्या महिन्यात प्रत्येक जण एकदा तरी चुकतो. इथली पिवळी, जाड मोहरीसुद्धा लोणच्यांसाठीची असते, आपल्या फोडणीला ती नाही चालत. म्हणून तर मोहरी घरून न्यायची.

तेलाबद्दल एकच: मोहरीच्या जातीचं ‘राप्स’ तेल स्वस्त आहे आणि चांगलं आहे, पण रिफाइंड घ्या. घाण्याचं घेतलंत तर वास भाजीवर बसतो. संशय वाटला तर सूर्यफुलाचं घ्या.

## टप्पा ५: पीठ, इथे घाई करू नका

जर्मन पिठाच्या पाकिटावर टाइप ४०५, ५५०, १०५० असे आकडे असतात. पीठ जाळलं तर १०० ग्रॅममागे किती मिलिग्रॅम राख उरेल, तो हा आकडा. राख कोंड्यातल्या क्षारांची असते, तेव्हा आकडा जितका मोठा, तितका कोंडा जास्त. ४०५ म्हणजे जवळजवळ मैदा. अख्खा दाणा दळून केलेल्या पिठावर आकडाच नसतो, फक्त ‘फोलकोर्न’ असं लिहिलेलं असतं.

पहिली चूक म्हणजे ४०५ घेणं. पोळी गरम असताना मऊ वाटते आणि डब्यात गेल्यावर चामड्यासारखी होते. दुसरी चूक, कणीक म्हणून शुद्ध फोलकोर्न घेणं. हे पीठ आपल्या कणकेसारखं दिसतं, पण वागत नाही. आपली चक्की जात्याच्या दगडांत गहू रगडते. त्यात पिष्टाचे कण तुटतात, आणि तुटलेले कण खूप पाणी पितात. म्हणून आपली कणीक मऊ भिजते. इथली गिरणी पोलादी रोलरची. कण कमी तुटतात, आणि कोंड्याचे पापुद्रे मोठे राहतात. ते पापुद्रे पोळीच्या कडेला चिरा पाडतात.

तिसरी चूक, ‘रोगन’ लिहिलेलं पीठ उचलणं. ती राय आहे. पोळीच्या नादाला लागू नका, हाताला चिकटूनच राहील. ‘डिंकल’ हा गव्हाचा चुलतभाऊ. त्याची पोळी होते, पण कणीक पटकन फाटते, आणि नव्या हाताला ती सांभाळत नाही.

चालणारं माप असं: निम्मं ५५०, निम्मं फोलकोर्न. १०५० मिळालं तर ते तीन भाग आणि फोलकोर्न एक भाग. पूर्ण पाकीट मिसळण्याआधी १०० ग्रॅमवर परीक्षा घ्या.

१. फोलकोर्न चाळणीने चाळा. वर राहिलेले मोठे पापुद्रे बाजूला काढा, उपम्यात किंवा थालीपिठात घाला.

२. १०० ग्रॅम मिश्रणात चिमूटभर मीठ आणि चमचाभर तेल. कोमट पाणी आधी ५५ मिलिलिटर घाला, मग गरजेप्रमाणे चमच्याने. घरच्या सवयीने एकदम पाणी ओतलं तर हमखास चिकट होईल, कारण हे पीठ कमी पाणी पितं.

३. सात-आठ मिनिटं मळा. झाकून ४० मिनिटं ठेवा. घरी १५ मिनिटं पुरतात म्हणून इथे पुरत नाहीत. कोंड्याला पाणी प्यायला वेळ लागतो.

४. तीन पोळ्या लाटा. तवा आधी पाच मिनिटं पूर्ण आचेवर तापवा, मग थोडी खाली आणा.

तपासा: कडा फाटत असतील तर पाणी कमी किंवा विश्रांती कमी. लाटलेली पोळी आखडून मागे येत असेल तर कणकेला अजून २० मिनिटं द्या. आकार छान पण भाजून खाकऱ्यासारखी होत असेल तर तवा थंड आहे. पोळी तव्यावर जास्त वेळ राहते आणि वाळते. तिसऱ्या पोळीला फुगा आला की प्रमाण पाकिटावर लिहून ठेवा.

भारतीय दुकान घरापासून चालत असेल तर तिथला आटा आणा, हरकत काहीच नाही. पण पोळी फक्त त्याचीच होते, हा समज सोडा. भावाने दुसऱ्या आठवड्यापासून हे मिश्रण वापरलं आणि आईला व्हिडिओवर पोळी दाखवली. आईचं एकच म्हणणं, ‘जरा जाड लाटतोस.’

भाकरीचं मात्र वेगळं. ज्वारीचं पीठ भारतीय दुकानातूनच घ्या आणि पाकिटावरची तारीख बघा. जुन्या पिठाची भाकरी थापता येत नाही, तुटते. आशियाई दुकानातून तांदळाच्या पिठाची भाकरी करायची असेल तर पाकीट नीट वाचा, चिकट तांदळाचं पीठही शेजारीच ठेवलेलं असतं. त्याचा गोळा होतो, भाकरी नाही.

## टप्पा ६: डाळ आणि कडधान्यं

तूरडाळीचा हट्ट पहिले दोन महिने सोडा. प्रत्येक सुपरमार्केटात ‘रोटे लिन्झन’ मिळते, ती आपली सोललेली मसूर. कुकर नसला तरी १५ मिनिटांत शिजते, आणि हळू तापणाऱ्या शेगडीवर हे फार मोठं सुख आहे.

पण मसुरीला तुरीसारखं वागवलं की आमटी पातळ आणि पिठूळ होते. एक वाटी डाळीला तीनच वाट्या पाणी, वर येणारा फेस काढायचा, हळद-हिंग सुरुवातीलाच घालायचं आणि चिंच-गूळ किंवा कोकम डाळ पूर्ण मोडल्यावर. मग रवीने घोटून पाच मिनिटं झाकून ठेवा. आमटीला अंग येतं. तुरीची चव पाहिजेच असेल तर चार भाग मसूर आणि एक भाग तूर, पण तूर आधी कुकरमध्ये वेगळी शिजवून घ्या. दोन्ही एकत्र शिजवल्या तर एक विरघळते आणि दुसरी दाण्यासारखी राहते.

आता जड पाणी. पाण्यातलं कॅल्शियम कडधान्याच्या सालीतल्या पेक्टिनला धरून ठेवतं आणि साल मऊ होत नाही. म्हणून ते छोले दोन तास उकळूनही कच्चे लागतात. उपाय सोपा: २५० ग्रॅम छोले रात्रभर भिजवताना पाव चमचा खायचा सोडा. इथे खायच्या सोड्याचं नाव ‘नाट्रॉन’. त्याच्याच फळीवर ‘बाकपुल्फर’ असते, तिच्यात आम्लही असतं, ती घालून काही उपयोग नाही. सकाळी ते पाणी टाका, छोले धुवा, कुकरमध्ये शिजवा. टोमॅटो आणि चिंच शिजल्यावरच, कारण आंबट पदार्थही साल घट्ट करतो.

सावधान: राजमा कधीही मंद आचेच्या भांड्यात कच्चा ठेवू नका. त्यात एक विषारी प्रथिन असतं, ते खळखळून उकळल्याशिवाय नष्ट होत नाही. भिजवलेलं पाणी टाका आणि नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं जोरात उकळा, मग हवी तेवढी आच कमी करा. डब्यातला राजमा आधीच शिजवलेला असतो, तो धुऊन थेट वापरा. आठवड्यात एकदाच राजमा करणाऱ्याला मी डबाच घ्यायला सांगते.

तांदूळ बासमतीच असला पाहिजे असं काही नाही. इंद्रायणीच्या मऊ भाताची सवय असेल तर ‘मिल्शराइस’ घेऊन बघा. जर्मन लोक त्याची खीर करतात, पण चांगला धुऊन, दीडपट पाण्यात, न ढवळता शिजवला तर वरणाबरोबर छान जातो. उकडा, ‘पारबॉइल्ड’ लिहिलेला तांदूळ वरणभाताला नको, दाणा दाणा सुटा राहतो आणि वरण खाली वाहून जातं.

## टप्पा ७: दही, तूप, चक्का

दह्याच्या फळीवर दोन आकडे आणि एक शब्द वाचा. साडेतीन टक्के स्निग्धांश हवा, ०.१ टक्क्याचं पाण्यासारखं असतं. आणि पाकिटावर ‘मिल्ड’ लिहिलेलं असेल तर ते वेगळ्या जिवाणूंनी लावलेलं, मुद्दाम कमी आंबट दही आहे. दही-भाताला ठीक, पण कढी आणि ताक त्यात फिकट लागतं. त्यासाठी ‘मिल्ड’ नसलेलं नाटूरयोगुर्ट किंवा ‘बुटरमिल्श’ घ्या. ते बहुतेक ताकच आहे, फक्त थोडं दाट. जिरं, मीठ आणि निम्मं पाणी घाला.

तुपासाठी ‘झाउअररामबुटर’ घ्या. ती आंबवलेल्या सायीची, बिनमिठाची लोणी असते, म्हणजे आपल्या घरच्या लोण्याच्या जवळची. मंद आचेवर कढवली की बेरी तांबूस होते आणि वास ओळखीचा येतो. तयार ‘बुटरश्माल्त्स’ हेही शुद्ध तूपच, पण भाजल्याचा वास नसतो. २५० ग्रॅम लोण्यातून साधारण २०० ग्रॅम तूप निघतं.

आणि गुढीपाडव्याला श्रीखंड हवं असेल तर चक्का बांधून बसू नका. ‘क्वार्क’ म्हणजे जवळजवळ तोच. कोरड्या भागात ४० टक्के स्निग्धांशवाला घ्या, फडक्यात दोन तास लटकवा, साखर आणि वेलची घाला. मऊ हवं असेल तर चाळणीतून घासून काढा.

## टप्पा ८: भाज्या, लवकर आटपणारा टप्पा

कोबीच्या भाजीला गोल पांढरा कोबी नको, टोकदार ‘श्पित्सकोल’ घ्या. कोवळा असतो, पटकन होतो. कोहलराबी म्हणजे आपला नवलकोल. त्याची पानं दुकानात तोडून टाकतात, ती मागून घ्या आणि पातळ भाजी करा. बटाट्यावर ‘फेस्टकोखंड’ असेल तर तो भाजीचा, ‘मेलिग’ असेल तर वड्याचा आणि पराठ्याचा. पाकिटावर हे लिहिलेलंच असतं, एवढं तरी भारतात कोणी सांगत नाही.

सावधान: गोठवलेल्या पालकाच्या पाकिटावर ‘राम’ हा शब्द असेल तर त्यात साय आहे, आणि ती शिजून आलेली असते. ‘ब्लाटश्पिनाट’ घ्या, त्यात फक्त पाला. शेंगदाणे घेतानाही तसंच: खारवलेल्या शेंगदाण्यांचं कूट कोशिंबिरीत खारट होतं, आणि मीठ कमी केलं तरी जात नाही.

## टप्पा ९: आता आठवडा बसवा

भावाची दुपार विद्यापीठाच्या खानावळीत जाऊ लागली, कारण चार दिवस तास दुपारपर्यंत चालत होते. ३३ पोळ्यांची गरज २० वर आली. घरच्या यादीला धरून बसला असता तर रोज रात्री नऊला पोळ्या लाटत बसावं लागलं असतं.

रविवारी दोन तास: २० पोळ्यांची कणीक, म्हणजे ६०० ग्रॅम पीठ. चार-चारच्या चवडी, मध्ये कागद, आणि तीन चवडी फ्रीझरमध्ये, दोन फ्रिजमध्ये. फ्रीझरमधली पोळी बाहेर काढून दहा मिनिटांनी तव्यावर गरम करायची, मायक्रोवेव्हमध्ये नाही. तिथे कडक होते. त्याच दिवशी २५० ग्रॅम मसूर शिजवून दोन भाग करायचे. एक भाग फ्रिजमध्ये, दोन दिवसांचं वरण. दुसरा फ्रीझरमध्ये, बुधवारची आमटी. रविवारीच २५० ग्रॅम छोले भिजवायचे, सोमवारी शिजवायचे आणि अर्धे गोठवायचे.

सोमवारी पोळी, कोबी, वरण-भात. मंगळवारी छोले आणि पोळी. बुधवारी आमटी-भात, नवलकोलाच्या पानांची भाजी. गुरुवारी पिठलं. पिठल्याला छोल्याचं पीठ ‘किशरएर्बसनमेल’ नावाने सुपरमार्केटात मिळतं. ते काबुली चण्याचं असतं, थोडं जास्त भाजावं लागतं आणि गुठळी लवकर होते, म्हणून आधी गार पाण्यात मोडून घ्या. शुक्रवारी खरेदी आणि खिचडी. शनिवारी बाहेर, किंवा फ्रीझरमधलं राहिलेलं. सकाळी पोह्यांऐवजी दोन दिवस रव्याचा उपमा. रवा ‘हार्टवाइत्सन’चा घ्या, मऊ गव्हाचा ‘वाइशवाइत्सन’ घेतला तर उपम्याची पेज होते. आणि ओट्सचे पोहे करू नका. मी दोनदा करून पाहिले.

तपासा: चौथ्या आठवड्याच्या शेवटी कपाट उघडा आणि न उघडलेली पाकिटं मोजा. भावाच्या कपाटात साबुदाणा आणि दोन किलो पोहे पडून होते, आणि मसूर मात्र दोनदा संपली होती. पुढच्या महिन्यात भारतीय दुकानातून पोहे अर्धाच किलो आले. साबुदाणा आषाढीपर्यंत तसाच राहिला.